डार्विनचे सकाळचे दीड तास

चार्ल्स डार्विन केंटमधल्या डाउन हाउसमध्ये सकाळी आठच्या सुमारास अभ्यासिकेत शिरत. आठ ते साडेनऊ ही त्यांची कामाची उत्तम वेळ, असं मुलगा फ्रान्सिसने नोंदवलं आहे. टपाल ते त्यानंतर पाहत. साडेदहापासून दुपारपर्यंत पुन्हा काम, मग फेरफटका.

आज अनेकांचं नेमकं उलट होतं: ताज्या डोक्याची वेळ मेल वाचण्यात जाते.

आपली वेळ शोधायला दोन आठवडे दर तासाला तरतरीला एक ते पाच गुण द्यावेत. झोप अपुरी झालेले दिवस आणि चहानंतरचे तास वेगळे खुणावावेत, नाहीतर अंदाज चुकतो. वारंवार चार-पाच गुण मिळणाऱ्या तासांत किचकट हिशेब किंवा लेखन ठेवावं. ज्यांचं डोकं रात्री चालतं, त्यांनी पहाटेचा हट्ट धरू नये.