एका नाण्यात किती खेळ?

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेलेल्यांना ‘मुस्तफा’ आठवत असेलच. कॅपकॉम कंपनीच्या 1993 सालच्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. आपल्याकडे मात्र तो त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखला गेला. शेवटची लाइफ गेली की पडद्यावर उलटे आकडे सुरू होत आणि पोरांची खिसे चाचपायची धांदल उडे. ते आकडे शून्यावर यायच्या आत नाणं टाकलं तर मेलो तिथूनच पुढे, नाहीतर पहिल्यापासून. या उलट्या मोजणीमागे पक्का धंद्याचा हिशोब आहे.

गेमचं मशीन बहुधा एकाचं असे आणि ते ठेवलेलं असे दुसऱ्याच्या हॉटेलात, बारमध्ये नाहीतर पार्लरमध्ये. पेटीत जमलेल्या नाण्यांची दोघांत वाटणी व्हायची. म्हणजे मशीनची किंमत वसूल होणार ती तासाला किती नाणी पडतात त्यावर. एक डाव तीन मिनिटांत आटोपला तर तासाला वीस नाणी. कुणी अर्धा तास चिकटून बसला तर दोनच. डाव इतका छोटाही नको की गिऱ्हाईक चिडून निघून जाईल. स्कोअर आणि लाइफ हे या दोन टोकांमध्ये मेळ घालायचे खटके होते, आणि तेही अगदी शब्दशः. मशीनच्या आतल्या बोर्डावर बारीक खटक्यांची एक पट्टी असते, तिला डिप स्विच म्हणतात. किती नाण्यांना एक क्रेडिट, एका डावात किती लाइफ, जादा लाइफ किती पॉइंटांवर, हे सगळं मालक तिथे ठरवू शकतो. नाणं पडलं की बोर्ड फक्त क्रेडिट मोजतो. त्यामुळे नाण्याची फट न बदलता भाव दुप्पट करता येतो.

1978 सालच्या जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा हिशोब मांडून बघा. परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा. खालच्या दोन रांगांचे प्रत्येकी 10, मधल्या दोघींचे 20 आणि वरच्या रांगेचे 30 पॉइंट. सगळे मारले की 990 होतात. जादा लाइफ 1000 वर किंवा 1500 वर, खटका असेल तशी. वरून जाणारं रहस्यमय यान पाडलं तर कमीत कमी 50 मिळतात. म्हणजे खटका 1000 वर असेल तर नवखाही एक यान पाडून पहिल्याच फेरीत बक्षीस घेऊन जाणार. 1500 वर असेल तर बहुतेकांना दुसऱ्या फेरीत उतरावं लागणार, आणि ती फौज आणखी खालून सुरू होते. ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटायला लावणारी ही जागा अचूक हेरलेली आहे, असं मला वाटतं.

हा हिशोब फसलाही. अटारीच्या 1979 सालच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये दर 10,000 पॉइंटांना एक जादा यान मिळे आणि छोटी तबकडी पाडली की 1000. हुशार खेळाडूंनी मग दगड फोडणंच सोडलं. एखादा दगड शिल्लक ठेवायचा आणि कडेला दबा धरून तबकड्यांची वाट बघायची. दहा तबकड्या पाडल्या की एक यान. तेवढ्यात एकापेक्षा कमी यानं गमावली तर डाव संपणारच नाही. असे लोक एका नाण्यावर तासन्‌तास खेळत आणि मालक हात चोळत बसे. पुढे 1981 च्या ‘ॲस्टेरॉइड्स डिलक्स’मध्ये ही युक्ती अवघड करून टाकली.

कंटिन्यूने हे गणित उलटं केलं. आधी नाणं म्हणजे एक संधी होती. ती किती पुरवायची हे खेळाडूच्या हातात. कंटिन्यू आल्यावर नाणं म्हणजे पुढच्या रस्त्याचं भाडं झालं. अटारीच्या 1985 सालच्या ‘गॉन्टलेट’ने तर लाइफच काढून टाकल्या. तिथे प्रकृतीचा आकडा नुसतं उभं राहिलं तरी सतत घटत जाई, आणि नाणं टाकलं की तो वाढे. चार जण एकाच वेळी खेळत, त्यामुळे एका मशीनला चार खिसे लागले.

कंटिन्यूचा फायदा नवख्याला नक्की झाला. पैसे असतील तर शेवट बघायला मिळू लागला. पण स्कोअरची पत गेली, कारण पैशाने हवा तेवढा आकडा गाठता येऊ लागला. म्हणून बऱ्याच गेममध्ये कंटिन्यू घेतला की स्कोअर शून्यावर येतो. जपानी विमानांच्या कित्येक गेममध्ये याहून खाशी सोय आहे: पॉइंट नेहमी दहाच्या पटीत मिळतात आणि प्रत्येक कंटिन्यूला स्कोअरमध्ये एक मिळवला जातो. अशा मशीनवर कुणी मोठा आकडा दाखवून मिरवू लागला, तर एकं स्थानचा अंक बघा. तिथे 3 असेल, तर गड्याने तीनदा खिशात हात घातलेला आहे.