किशोर, मी आणि ‘आय’
लेखमाला : इंग्रजी वाक्याच्या आत

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं ‘रावे’साठी गावात मुक्कामाला जातात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे असे कृषिदूत जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून दिसतात. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, शेतकऱ्यांच्या बैठका हे सगळं उरकलं की अहवाल लिहायचा, तोही इंग्रजीत. अशा अहवालाचा एक परिच्छेद आज समोर ठेवू. परिच्छेद माझ्या कल्पनेतला आहे, त्यातल्या चुका मात्र कुठल्याही अहवालात सापडतील अशा.

पहिलं वाक्य : ‘द सरपंच गेव्ह किशोर अँड आय अ रूम.’ चूक आहे, ‘किशोर अँड मी’ हवं. (इंग्रजीतलं ‘मी’ अवतरणचिन्हांत लिहितो आहे. आपल्या मी या कर्त्याशी त्याचा उच्चार जुळतो, काम जुळत नाही.) गंमत अशी की किशोर सोबत नसता तर हाच मुलगा ‘गेव्ह मी अ रूम’ असं बिनचूक लिहिता. ‘गिव्ह मी’ हे शब्द तो पहिलीपासून ऐकत आला आहे. मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. मग दुसरा माणूस वाक्यात आला की घोटाळा का होतो?

याचं मूळ वर्गातल्या एका दुरुस्तीत आहे. लहानपणी मूल म्हणतं, ‘मी अँड किशोर वेंट.’ बाई म्हणतात, असं नाही, ‘किशोर अँड आय’ म्हण. दुरुस्ती बरोबर असते, कारण तिथे दोघे कर्ते आहेत. पण मुलाच्या डोक्यात नियम बसतो तो वेगळाच : ‘अँड’च्या पुढे ‘आय’ हेच सभ्य इंग्रजी. मग ते कर्त्याच्या जागी असो की कर्माच्या. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. खुद्द इंग्रजी बोलणारे सुशिक्षित लोक असं लिहितात, आणि शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनियोच्या पत्रात ‘बिट्वीन’पुढे ‘यू अँड आय’ आलेलं आहे. तरी आजच्या औपचारिक लिखाणात ती चूकच धरली जाते.

ज्याला कुठलं लावावं कळत नाही तो ‘मायसेल्फ’च्या आडोशाला जातो : ‘कॉन्टॅक्ट किशोर ऑर मायसेल्फ.’ तिथेही साधं ‘मी’ पुरतं.

आता मराठी माणसाला आपसूक सुचणारा उपाय पाहू. वाक्य मराठीत म्हणून बघायचं. ‘सरपंचांनी किशोरला आणि मला खोली दिली.’ ‘स, ला, ते’ आपल्याला पाठ असतंच. ‘मला’ आलं म्हणजे ‘मी’ लावायचं. इथे जमलं. ‘आमच्या सरांनी किशोरला आणि मला बोलावलं’ इथेही जमतं. ‘किशोर आणि मी गंगाखेडला गेलो’ म्हटलं की ‘आय’. एवढ्यावर मुलगा खूश होऊन परिच्छेदातलं पुढचं वाक्य लिहितो, ‘किशोर अँड मी लाइक्ड द वर्क’, आणि सपशेल फसतो. मराठीत ते ‘किशोरला आणि मला काम आवडलं’ असंच आहे, आणि नियमाप्रमाणे त्याने ‘मी’ लावलं. पण इंग्रजीत आवडून घेणारा माणूस कर्ता असतो. ‘किशोर अँड आय लाइक्ड द वर्क’ हे बरोबर.

आपली मराठी इथे वेगळ्या वाटेने जाते. आवडणं, समजणं, भूक लागणं, मिळणं, हवं असणं, पोहता येणं हे सगळं माणसाच्या बाबतीत ‘घडतं’ म्हणून आपण त्याला ‘ला’ लावतो. क्रियापदही माणसाप्रमाणे न चालता वस्तूप्रमाणे चालतं : काम आवडलं, भाकरी आवडली. इंग्रजीत हीच माणसं थेट कर्त्याच्या गादीवर बसतात. त्यामुळे ‘मला’ पाहून ‘मी’ लावण्याची युक्ती कुणी काही देतो, बोलावतो, विचारतो अशा वाक्यांपुरतीच खरी. आवड, भूक, प्राप्ती यांच्या वाक्यांत ती हमखास दगा देते, आणि अहवालात नेमकी हीच वाक्यं भरपूर असतात.

म्हणून परीक्षा इंग्रजीतच घ्यावी. किशोरला क्षणभर बाहेर काढा. ‘गेव्ह आय अ रूम’ कानाला खटकतं, ‘मी लाइक्ड द वर्क’ही खटकतं. पण ‘बिट्वीन’पाशी ही परीक्षा बंद पडते, कारण ‘च्यामध्ये’ म्हटल्यावर दोघे लागतातच, एकाला काढलं की वाक्यच मोडतं. अशा वेळी जोडीच्या जागी ‘वी’ किंवा ‘अस’ ठेवून पाहावं. ‘द वर्क वॉज डिव्हायडेड बिट्वीन अस’ म्हणतात, ‘बिट्वीन वी’ कुणी म्हणत नाही. म्हणून ‘बिट्वीन किशोर अँड मी’. ‘वी लाइक्ड’ म्हणून ‘किशोर अँड आय’. मला विचाराल तर पहिलीपेक्षा ही दुसरी परीक्षा जास्त भरवशाची, कारण ती कुठेच अडत नाही.

‘हू’ आणि ‘हूम’चं दुखणं याच घरचं. ‘तुम्ही कोणाला विचारलं?’ इथे ‘हूम’. ‘कोणाला पीकविमा मिळाला?’ इथे मात्र ‘हू गॉट द इन्शुरन्स?’ दोन्हीकडे ‘कोणाला’च आहे. परीक्षा सोपी : उत्तरात ‘ही’ आलं तर ‘हू’, ‘हिम’ आलं तर ‘हूम’. ‘यू आस्क्ड हिम’, पण ‘ही गॉट इट’. बोलताना ‘हू डिड यू आस्क?’ सर्रास चालतं आणि कुणी हसत नाही. अहवालात, अर्जात ‘हूम’ ठेवावं. ‘टू’, ‘विथ’, ‘फ्रॉम’ यांच्या लगेच पुढे तर ठेवावंच.

जास्त फसवतात ती मध्ये ‘आम्हांला वाटलं’ घुसलेली वाक्यं. ‘द फार्मर हूम वी थॉट वॉज द सरपंच’ असं लिहिणाऱ्याला ‘वी थॉट’ दिसतं आणि त्याचं कर्म म्हणून तो ‘हूम’ लावतो. पण ‘वी थॉट’ बोटाने झाका. मागे ‘वॉज द सरपंच’ उरतं, आणि त्याला कर्ता हवा. ‘ही वॉज द सरपंच’, म्हणून ‘हू’.

आणि शेवटी तो कागद, जो नोकरीच्या अर्जाला जोडायला कॉलेजच्या ऑफिसातून आणावा लागतो. डोक्यावर ठळक अक्षरांत ‘टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’. तिथलं ‘हूम’ बरोबर आहे, पण ते आधीच्या ‘टू’मुळे आहे असं समजू नका. ‘गिव्ह द सीड टू हूएव्हर कम्स फर्स्ट’ यातही आधी ‘टू’ आहे, तरी ‘हूएव्हर’च योग्य, कारण जो पहिला येईल तो ‘कम्स’चा कर्ता आहे. दाखल्यावर ‘कन्सर्न’चा कर्ता ‘इट’ आधीच बसलेला असतो. ज्याच्याशी संबंध आहे तो माणूस कर्म ठरतो, ‘इट मे कन्सर्न हिम’, आणि म्हणून ‘हूम’. निर्णय होतो तो आतल्या छोट्या वाक्यात. दारातल्या ‘टू’ला त्यात मत नाही.