साठीला हातात किती येईल?

कोल्हापूरकडचा एक सरकारी शिक्षक घ्या. वय ४५, एनपीएस खात्यात १५ लाख आणि दरमहा स्वतःचे व सरकारचे मिळून १५ हजार जमा. साठीला पेन्शन किती, हा हिशेब कागदावरही जमतो.

परतावा वर्षाला ९ टक्के धरला, तर १५ वर्षांत आजचे १५ लाख साधारण साडेसत्तावन्न लाख होतात आणि मासिक हप्त्यांतून जवळपास ५७ लाख साठतात. एकूण सुमारे १ कोटी १४ लाख. आकडा पाहून हुरळून जायला होते, पण ही पेन्शन नव्हे.

सरकारी खातेदाराला यातल्या किमान ४० टक्क्यांची, म्हणजे पावणेसेहेचाळीस लाखांची, ॲन्युइटी विमा कंपनीकडून घ्यावीच लागते. दर साडेसहा टक्के धरल्यास महिन्याला २४,७०० च्या आसपास. उरलेले ६० टक्के एकरकमी, करमुक्त. पेन्शनवर मात्र कर आहे.

गफलत होते ती गृहीतकांत. परतावा ९ ऐवजी ८ धरला की पेन्शन २२ हजारांवर येते. मूळ रक्कम वारसाला परत देणारा पर्याय निवडला, तर दर कमी मिळतो. उलट, पगार वाढेल तशी वर्गणीही वाढेल. ती इथे धरलेली नाही.

आणि महागाई ५ टक्क्यांनी वाढत राहिली, तर त्या २४,७०० ची किंमत आजच्या १२ हजारांहून थोडी कमीच. ॲन्युइटीची रक्कम साधारणतः ठरलेलीच राहते, म्हणून सत्तरीत ती आणखी तोकडी पडते.