दोनच गोळ्या चुकल्या, पण कुठल्या?

समजा, घाटनांदूरची एक नवी नवरी दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघालीये. आशाताईंनी दिलेलं ‘माला-एन’चं एक पाकीट संपलंय, दुसरं गाठोड्यात कुठंतरी आहे. फडावर पोचून, कोपी उभी करून ते सापडेपर्यंत दोन दिवस उशीर झाला. दोनच गोळ्या ना? पण याच दोन सगळ्यात महागात पडतात.

पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ हार्मोनच्या, शेवटच्या ७ नुसत्या लोहाच्या. म्हणजे ते सात दिवस अंडाशयावर हार्मोनचा लगाम नसतोच. तेवढ्यात स्त्रीबीज सहसा सुटत नाही, कारण आठव्या दिवशी नवी गोळी तो लगाम पुन्हा ओढते. ती लांबली की सातचे नऊ दिवस होतात आणि बीज सुटू शकतं. उलट लोहाची गोळी विसरली तर गर्भ राहण्याचा धोका वाढत नाही. (हे मलाही माहीत नव्हतं!)

मग तिनं काय करायचं? सापडल्याबरोबर एक गोळी घ्यायची, पुढच्या रोज वेळेवर, आणि सलग सात दिवस गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरायचा. त्यावर खोबरेल लावायचं नाही, तेलानं रबर फाटतं. मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीची गोळी घ्यायची का, हे जवळच्या आरोग्य केंद्रात लगेच विचारायचं.

‘अंतरा’ इंजेक्शनवालीचाही घोळ असाच होतो. ते दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं आणि पुढची तारीख नेमकी फडावर येते. निघताना कार्ड सोबत घेतलं, तर तिथल्या सरकारी दवाखान्यात तारीख तरी दाखवता येते.