परिच्छेदपूर्ती आणि निष्कर्ष-निवड प्रश्न

परिच्छेदपूर्ती हा आकलनक्षमता तपासणाऱ्या परीक्षांमधील बहुपर्यायी प्रश्नप्रकार आहे. यात चार ते सहा वाक्यांचा एक परिच्छेद देऊन त्यातील एक वाक्य, बहुधा शेवटचे, रिकामे ठेवलेले असते. ती जागा सर्वात योग्य रीतीने भरून काढणारे वाक्य दिलेल्या पर्यायांमधून निवडावयाचे असते. निष्कर्ष-निवड हा त्याचाच जवळचा प्रकार होय. त्यात परिच्छेद पूर्ण दिलेला असतो आणि त्यावरून निघणारा तर्कसंगत निष्कर्ष कोणता, असे विचारले जाते. दोन्ही प्रकारांत एखादे वाक्य खरे आहे किंवा नाही, एवढ्यावर उत्तर ठरत नाही. ते वाक्य परिच्छेदातील युक्तिवादात कोणते काम करते, यावर ते ठरते.

## परीक्षांमधील स्थान

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत २०११ पासून सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर घेतला जातो. तो 'सीसॅट' या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत अशा स्वरूपाचा पेपर २०१३ पासून आला. या पेपरमधील उताऱ्यांवर 'सर्वात तर्कसंगत अनुमान कोणते' किंवा 'उताऱ्याचा मुख्य आशय कोणता' अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेत काही वर्षे परिच्छेदाचे शेवटचे वाक्य गाळून ते ओळखण्यास सांगितले जात असे. जीमॅट परीक्षेतही उताऱ्याच्या शेवटी रिकामी जागा ठेवून ती तर्काने पूर्ण करावयाचे प्रश्न आढळतात.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या उताऱ्यांपूर्वी, उत्तरे केवळ उताऱ्याच्या आधारे द्यावीत, अशी सूचना छापलेली असते. विषयाची पूर्वमाहिती असलेल्या उमेदवारालाही अशा प्रश्नांत तिचा आधार घेता येत नाही. पुष्कळदा ती माहितीच त्याला चुकीच्या पर्यायाकडे नेते.

## युक्तिवादाची रचना

अशा परिच्छेदात साधारणतः दोन प्रकारची वाक्ये असतात. जी वाक्ये पुरावा म्हणून मांडली जातात त्यांना *आधारविधाने* म्हणतात आणि त्यांच्या बळावर जे सांगितले जाते त्याला *निष्कर्ष* म्हणतात. निष्कर्ष शेवटीच येतो असे नाही. लेखक कधी तो पहिल्याच वाक्यात मांडतो आणि पुढे त्याची कारणे देतो.

निष्कर्ष ओळखण्यासाठी प्रत्येक वाक्यानंतर 'कशावरून?' असे विचारून पाहता येते. ज्या वाक्याबाबत या प्रश्नाचे उत्तर परिच्छेदातील इतर वाक्ये देतात, ते वाक्य निष्कर्ष असते. ज्याबाबत परिच्छेदात असे उत्तरच नसते, ते आधारविधान असते. दोन वाक्यांबाबत उत्तर मिळत असेल, तर त्यांपैकी जे दुसऱ्याला आधार देते तो मधला निष्कर्ष आणि उरलेला मुख्य निष्कर्ष होय.

## उदाहरण

पुढील परिच्छेद केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेला आहे.

> दुष्काळी भागातील एका तालुक्यात शेतकऱ्यांनी उसाला पाटाने पाणी देणे सोडून ठिबक सिंचन बसवले. त्यामुळे एक एकर उसासाठी विहिरीतून उपसावे लागणारे पाणी कमी झाले. वाचलेल्या पाण्यावर बहुतेकांनी आणखी जमीन उसाखाली आणली. पुढील पाच वर्षांत पाऊस पूर्वीसारखाच पडला. तरीही विहिरींतील पाण्याची पातळी वर आली नाही. म्हणून ________.

> (अ) ठिबक सिंचनाने विहिरींची पातळी कधीच वाढू शकत नाही.
> (आ) शासनाने उसाच्या लागवडीवर मर्यादा घालावी.
> (इ) ठिबक सिंचनात एक एकर उसासाठी पाटपाण्यापेक्षा कमी पाणी उपसावे लागते.
> (ई) एकरी पाणी वाचले म्हणजे विहिरींची पातळी वर येईलच असे नाही.

रिकाम्या जागेपूर्वी 'म्हणून' हा शब्द आहे. त्यामुळे येथे आधीच्या सर्व वाक्यांवरून निघणारा निष्कर्ष हवा आहे.

पर्याय (अ) मध्ये 'कधीच' हा शब्द आहे. परिच्छेदात एका तालुक्याची पाच वर्षांची हकिकत आहे, आणि तेथे लागवडीचे क्षेत्रही वाढले होते. क्षेत्र वाढले नसते तर काय झाले असते, हे परिच्छेद सांगत नाही. त्यामुळे हे विधान पुराव्यापेक्षा बरेच मोठे आहे.

पर्याय (आ) ही शिफारस आहे. ती अनेकांना पटेल, पण काय घडले हे सांगणाऱ्या वाक्यांवरून काय करावे हे आपोआप निघत नाही. त्यासाठी भूजल वाढवणे हे उसाच्या उत्पन्नापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, असे आणखी एक विधान लागेल आणि ते परिच्छेदात नाही.

पर्याय (इ) परिच्छेदाशी सुसंगत आहे, परंतु ते दुसऱ्याच वाक्याची पुनरुक्ती करते. वाढलेले क्षेत्र आणि न वाढलेली पातळी यांची त्याला गरजच पडत नाही.

पर्याय (ई) मध्ये सर्व वाक्यांचा उपयोग होतो. एकरी पाणी वाचले, तरी पातळी वर आली नाही. या एका घटनेवरून 'येईलच असे नाही' एवढे सावध विधान निश्चितपणे करता येते. म्हणून हे उत्तर योग्य ठरते.

## नकाराची कसोटी

दोन पर्यायांत संभ्रम असल्यास प्रत्येक पर्याय नाकारून पाहता येतो. पर्यायाचा नकार परिच्छेदाशी विसंगत ठरला, तर तो पर्याय परिच्छेदातून निघतो. नकार परिच्छेदासोबत सुखाने नांदत असेल, तर तो निघत नाही.

वरील उदाहरणात (अ) चा नकार 'कधीतरी पातळी वाढू शकते' असा होईल. परिच्छेदाशी त्याचा काही विरोध नाही, म्हणून (अ) बाद होतो. 'शासनाने मर्यादा घालण्याचे कारण नाही' या वाक्याचाही परिच्छेदाशी विरोध नाही, म्हणून (आ) बाद होतो. (ई) चा नकार 'एकरी पाणी वाचले की पातळी वर येतेच' असा होईल आणि तो तालुक्यातील घटनेच्या थेट विरोधात जातो. (इ) चा नकारही दुसऱ्या वाक्याशी विसंगत आहे. त्यामुळे या कसोटीवर (इ) आणि (ई) दोन्ही टिकतात. त्यांतील निवड मात्र वेगळ्या प्रश्नाने करावी लागते: कोणत्या पर्यायासाठी परिच्छेदातील उरलेली वाक्ये लिहिली गेली आहेत? (इ) हे उत्तर मानले, तर शेवटची दोन वाक्ये निरर्थक ठरतात.

याचा अर्थ असा की, केवळ 'उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते' असे विचारले असते, तर (इ) सहजासहजी फेटाळता आले नसते. अनुमान हे उताऱ्याच्या एखाद्या भागातूनही निघू शकते. समारोपाच्या वाक्याला मात्र संपूर्ण परिच्छेदाचा भार पेलावा लागतो. त्यामुळे प्रश्नाची शब्दरचना पर्यायांआधी वाचणे आवश्यक ठरते.

## जोडशब्द बदलल्यास

रिकाम्या जागेपूर्वीचा जोडशब्द बदलला की त्याच परिच्छेदाचे उत्तरही बदलते. वरील परिच्छेदातून क्षेत्र वाढवल्याचे वाक्य काढून टाकले आणि शेवट 'तरीही विहिरींतील पाण्याची पातळी वर आली नाही, कारण ________' असा केला, तर तेथे निष्कर्ष चालणार नाही, आधारविधान लागेल. 'वाचलेले पाणी शेतकऱ्यांनी नव्याने लावलेल्या उसाला दिले' हे वाक्य तेथे योग्य ठरेल. आधीचे अचूक उत्तर (ई) येथे बसत नाही, कारण पातळी का वाढली नाही हे ते सांगत नाही.

'म्हणून', 'त्यामुळे', 'यावरून' हे शब्द पुढे निष्कर्ष येणार असल्याचे सुचवतात. 'कारण' आणि 'याचे कारण असे की' यांच्यापुढे आधारविधान येते. 'मात्र', 'परंतु', 'तथापि' यांच्यानंतर विचाराची दिशा बदलते. जोडशब्द नसेल, तर आधीच्या वाक्यानंतर वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उरतो, हे पाहावे लागते.

## फसवे पर्याय

उघड चुकीच्या पर्यायांपेक्षा बहुतांशी बरोबर वाटणारा पर्याय अधिक अडचणीचा असतो. वरील प्रश्नात 'तालुक्यातील विहिरींतून होणारा एकूण उपसा पूर्वीपेक्षा कमी झाला नाही' असा आणखी एक पर्याय असता, तर अनेक उमेदवारांनी तोच निवडला असता. पाऊस सारखाच आणि पातळीही तशीच, तेव्हा उपसाही कमी झाला नसावा, असा हा विचार आहे.

तथापि परिच्छेदात पातळीची माहिती आहे, उपशाची नाही. पातळीवरून उपशाकडे जाण्यासाठी, जमिनीत मुरणारे पाणी बदलले नाही, असे गृहीतक धरावे लागते. प्रत्यक्षात पाटाने दिलेल्या पाण्याचा काही भाग जमिनीत मुरून भूजलात परत जातो आणि ठिबकमध्ये हा भाग घटतो. त्यामुळे एकूण उपसा काहीसा घटूनही पातळी तशीच राहणे शक्य आहे. भूजलाविषयी हे ज्ञान नसलेल्या उमेदवारालाही, 'उपसा' मोजल्याचे परिच्छेदात कोठेही म्हटलेले नाही, एवढे निरीक्षण हा पर्याय बाजूला ठेवण्यास पुरेसे असते.

## मर्यादा

'सर्वात योग्य' ही शब्दरचना तुलनात्मक आहे. अचूक पर्याय निर्दोष असतोच असे नाही; दिलेल्या पर्यायांत तो सर्वाधिक समर्थनीय असतो. (ई) हा पर्याय यादीत नसता, तर उपशाविषयीचा वरील पर्याय सर्वात जवळचा मानावा लागला असता. यामुळे पहिला पटणारा पर्याय निवडून थांबणे या प्रश्नप्रकारात धोक्याचे असते.

संभ्रम कायम राहिल्यास उत्तर द्यावे की सोडावे, हे गुणपद्धतीवर अवलंबून असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या पेपरमध्ये ८० प्रश्नांना २०० गुण, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला २.५ गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश, सुमारे ०.८३ गुण वजा होतो. चारही पर्याय सारखेच संभाव्य वाटत असताना केलेल्या निवडीचा सरासरी लाभ शून्य येतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तो सुमारे ०.२८ गुण होतो आणि दोन बाद झाल्यास सुमारे ०.८३. अर्थात हा हिशेब बाद केलेले पर्याय खरोखरच चुकीचे असतील तरच लागू पडतो. योग्य उत्तरच घाईने बाद झालेले असेल, तर उरलेल्या पर्यायांतील निवड निश्चितपणे गुण कमी करते.