काच स्वच्छ दिसते, पण रात्री का चमकते?

अलिबाग, काशीद किंवा मुरूडला रविवार घालवून मुंबईकडे परतणाऱ्या वाहनचालकांना एक अनुभव हमखास येतो. दिवसभर मोटारीच्या समोरच्या काचेतून सारे लख्ख दिसत असते. अंधार पडल्यावर पोयनाड-वडखळच्या रस्त्याला लागले, की समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा दिवा काचेवर दुधाळ पडद्यासारखा पसरतो आणि क्षणभर रस्त्याची कडा, पादचारी किंवा सायकलस्वार त्यात दिसेनासे होतात. दोष समोरच्याच्या 'अपर' दिव्याला दिला जातो. तो काही वेळा खराही असतो; पण बऱ्याचदा त्याच्या जोडीला काचेच्या आतल्या बाजूवर साचलेला तेलकट थर असतो.

हा थर येतो कोठून? मोटारीचा डॅशबोर्ड आणि आतील आवरणे मऊ राहावीत म्हणून त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये 'प्लॅस्टिसायझर' नावाचे तेलकट पदार्थ मिसळलेले असतात. बंद गाडी उन्हात उभी राहिली, की डॅशबोर्ड तापतो आणि या पदार्थांचा अंश वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. त्याच्यावर तिरकी झुकलेली समोरची काच तुलनेने थंड झाली, की ही वाफ तिच्यावर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बसते. मोटारउद्योगात या प्रकाराला 'फॉगिंग' म्हणतात. ते मोजण्याच्या 'डीआयएन ७५२०१' या जर्मन मानकातील एका पद्धतीत आतील साहित्याचा तुकडा १०० अंश सेल्सिअसला तीन तास तापवून, वर ठेवलेल्या थंड काचेची चमक किती कमी झाली हे पाहिले जाते. नव्या गाडीत हा थर लवकर धरतो, त्याचे कारण हेच. सिगारेटचा धूर, हातांचा तेलकटपणा आणि डॅशबोर्ड चमकवण्यासाठी फवारले जाणारे सिलिकॉनयुक्त पॉलिश त्यात भर घालतात.

रायगडच्या किनाऱ्यावर त्यात आणखी एक घटक मिसळतो. खिडक्या उघड्या ठेवून समुद्राच्या वाऱ्यात फिरताना खारा दमट वारा आत येतो. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे काचेवरचा थर चिकट राहतो आणि त्यावर धूळ धरते. म्हणजे काढायचे असते ते दोन प्रकारचे: पाण्यात विरघळणारे मीठ आणि पाण्याला दाद न देणारे तेल. केवळ ओल्या फडक्याने पुसून काच का साफ होत नाही, याचे उत्तर येथे आहे.

दिवसा हा थर जाणवत नाही, कारण आपली नजर दूरवरच्या रस्त्यावर स्थिरावलेली असते आणि काच तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. रात्री मात्र तीव्र प्रकाशकिरण या सूक्ष्म थेंबांवर पडून चहूकडे विखुरतात आणि त्या उजेडाचा पडदा अंधाऱ्या वस्तूंवर पसरतो. पावसाळ्यात याच काचेवर बाष्प साचले, की ते बारीक ठिपक्यांच्या स्वरूपात बसते आणि धुके अधिक दाट वाटते.

सफाईला लागण्यापूर्वी दोष आतलाच आहे ना, याची खात्री करावी. चालकाच्या बाजूला आतून हातभर लांबीचा एक पट्टा पुढे सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करून रात्री त्यातून पाहावे. त्या पट्ट्यातून दिवे नेटके दिसले आणि शेजारी पसरलेले दिसले, तर थर आतलाच आहे. दोन्हींकडे सारखेच दिसत असेल, तर काचेची बाहेरची बाजू, वायपरने पडलेले अर्धवर्तुळाकार ओरखडे किंवा वाळूने झालेले टवके तपासावेत. दुसऱ्याच्या गाडीतही दिवे तसेच पसरलेले दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे जाणे बरे.

साहित्य फार लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेट्रोलपंपावर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी प्रत्येकी १०० मिलिलिटर एका फवाऱ्याच्या बाटलीत मिसळावे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरल्यास सुकल्यावर पांढरे डाग उरतात. याशिवाय चार स्वच्छ मायक्रोफायबर फडकी हवीत. ती धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरलेले नसावे. त्याचाच थर काचेवर उतरतो.

समजा, काशीदच्या किनाऱ्यावर दिवसभर उभी राहिलेली छोटी हॅचबॅक गाडी आहे. ती सावलीत आणून काच थंड होऊ द्यावी. तापल्या काचेवर द्रव पुसण्याआधीच उडून जाते आणि रेषा उरतात. दारे उघडी ठेवावीत आणि जवळ विस्तव नसावा, कारण अल्कोहोल पेट घेते. पहिले फडके केवळ डिस्टिल्ड पाण्याने ओलसर करून सगळी काच पुसावी. मीठ आणि धूळ त्यात निघून येते. दुसऱ्या फडक्यावर मिश्रण फवारावे, काचेवर नव्हे. कारण थेंब खाली ओघळून हवेच्या झरोक्यांत व डॅशबोर्डवर जातात आणि काही प्लॅस्टिकचा रंग व चमक बिघडवतात. काच चार भागांत वाटून घ्यावी, एका वेळी एकच भाग पुसावा आणि प्रत्येक भागासाठी फडक्याची नवी घडी उलगडावी. तिसऱ्या फडक्याने हीच कृती पुन्हा करावी आणि चौथ्या कोरड्या फडक्याने शेवटचा हात फिरवावा. यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

फडके बदलण्यावर एवढा भर का, हे लक्षात घ्यायला हवे. अल्कोहोल तेल सैल करते; ते काचेवरून उचलून नेण्याचे काम फडक्याचे असते. एकच फडके फिरवत राहिले, तर तेल फक्त जागा बदलते आणि रात्री झळाळी पूर्वीपेक्षा वाढल्यासारखी वाटते. हीच सर्वांत सामान्य चूक आहे. खालच्या कोपऱ्यांत, जेथे काच आणि डॅशबोर्ड जवळ येतात, तेथे चालकाच्या जागेवरून हात पोहोचत नाही. शेजारच्या आसनावर बसून हात उलटा करावा आणि फडक्यावर बोटांच्या मागच्या बाजूने दाब द्यावा. आतील हात आडवे आणि बाहेरचे उभे फिरवावेत. नंतर रेषा दिसली, तर ती कोणत्या बाजूची हे दिशेवरून लगेच समजते.

काम झाले का, हे तोंडाने काचेवर वाफ सोडून पाहावे. वाफ एकसारखी धरली आणि एकसारखी विरली, तर काच स्वच्छ आहे. तिच्यात बोटांचे ठसे किंवा फटकारे उमटले, तर तेथे तेल उरले आहे. थर काही दिवसांतच परत येत असेल, तो चिकट असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल, तर सफाईने भागणार नाही. हीटरच्या भागातून शीतकद्रव गळत असण्याची शक्यता असते; त्याची पातळी पाहून गाडी गॅरेजमध्ये दाखवावी.

मागच्या काचेवर बाष्प घालवणाऱ्या तारा असतात. तेथे तारांच्या दिशेनेच हलका हात फिरवावा. गाडीला काचेआड कॅमेरा किंवा पावसाचा संवेदक असल्यास त्याच्या भागात द्रव जाऊ देऊ नये. नव्या गाडीत पहिले काही महिने दर दोन-तीन आठवड्यांनी आणि नंतर महिन्यातून एकदा ही सफाई पुरते. किनाऱ्यावर गाडी उभी करताना सुरूच्या सावलीत ठेवणे आणि काचेवर ऊनझाप लावणे, एवढ्याने डॅशबोर्ड कमी तापतो आणि थर सावकाश साचतो.