नवउद्योगाची तग : भांडवल, रनवे आणि महसूल

पुण्यातील एक उदाहरण
टायनीआऊल हे खाद्यपदार्थ मागवण्याचे ॲप आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये सुरू केले. २०१५ च्या आरंभी त्याला नामांकित गुंतवणूकदारांचे भांडवल मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्मचारीकपात झाली. नोव्हेंबरमध्ये पुण्याचे कार्यालय बंद होताना कर्मचाऱ्यांनी आपल्या देण्यांसाठी एका सहसंस्थापकाला तेथेच रोखून धरले. २०१६ मध्ये ही कंपनी रोडरनर या कंपनीत विलीन झाली. भांडवल मिळण्याच्या बातमीवरून कंपनीची स्थिरता ठरत नाही, हे यातून दिसते.

भांडवल
जाहीर झालेली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांत फरक असू शकतो, कारण काही करारांत पैसे टप्प्याटप्प्याने आणि ठरलेली उद्दिष्टे गाठल्यावरच मिळतात. म्हणून नवउद्योगातील नोकरीच्या मुलाखतीत शेवटचे भांडवल कधी आले, त्यातले किती प्रत्यक्ष जमा झाले आणि आज किती शिल्लक आहे, हे विचारणे योग्य ठरते.

रनवे
शिल्लक रोख किती महिने पुरेल, तो काळ म्हणजे रनवे. समजा, शिल्लक ६ कोटी रुपये, मासिक खर्च ७५ लाख आणि ग्राहकांकडून येणारी मासिक रक्कम २५ लाख आहे. दरमहा ५० लाखांची तूट पडते, म्हणजे रनवे १२ महिन्यांचा. नव्या भरतीमुळे खर्च ९५ लाखांवर गेला, तर तूट ७० लाख होते आणि रनवे साडेआठ महिन्यांवर येतो. पुढचे भांडवल उभारण्यातही काही महिने जातात. त्यामुळे हा आकडा नियोजित भरती धरून काढला आहे का, हे कळणे आवश्यक असते.

महसूल
खाद्यपदार्थांच्या ॲपला ५०० रुपयांच्या मागणीवर २० टक्के दलाली मिळत असेल, तर त्याचा महसूल १०० रुपये असतो. उरलेले ४०० उपाहारगृहाचे. पोहोचवण्याचा खर्च आणि सवलत मिळून १२० रुपये लागले, तर प्रत्येक मागणीमागे २० रुपये तोटा होतो. अशा स्थितीत व्यवसाय वाढतो तसा रनवे आखडतो. तिन्ही आकडे एकत्र वाचायचे ते यासाठीच.

पडताळणी आणि मर्यादा
खासगी मर्यादित कंपन्यांची वार्षिक विवरणे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. मात्र मार्चअखेरची विवरणे साधारणतः ऑक्टोबरमध्ये दाखल होतात, त्यामुळे त्यांतील आकडे किमान सहा-सात महिने जुने असतात. ताजी खूण भविष्यनिर्वाह निधीत सापडते. प्रत्येक महिन्याचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावा लागतो आणि त्याची आस्थापनानिहाय नोंद निधी संघटनेच्या संकेतस्थळावर शोधता येते. उशिरा होणारा भरणा किंवा झपाट्याने घटणारी सदस्यसंख्या हा रोखटंचाईचा निर्णायक पुरावा नव्हे. पण अशा खुणेचे कारण समाधानकारकपणे कळेपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये.